एकाच जनुकातले दोन वेगळे दोष

मुलाला सिकलसेल आजार होण्यासाठी आई आणि वडील दोघेही सिकलचे वाहक असावे लागतात, असा समज विदर्भात आणि नंदुरबारच्या पट्ट्यात सर्रास आढळतो. तो अपुरा आहे. दोघांपैकी एकच जण सिकलचा वाहक असला आणि दुसऱ्याच्या रक्तात सिकलचा मागमूस नसला, तरीही मूल आजारी जन्माला येऊ शकते. दुसऱ्या जोडीदाराकडे त्याच जनुकातला वेगळा दोष असला की झाले. बीटा थॅलेसेमिया हा असाच दोष आहे. एका जनुकाच्या दोन प्रतींमध्ये दोन निरनिराळे घातक बदल असण्याच्या या स्थितीला वैद्यकात कंपाउंड हेटेरोझायगोसिटी म्हणतात.

हिमोग्लोबिनचा रेणू चार साखळ्यांचा असतो. दोन अल्फा, दोन बीटा. बीटा साखळीचे जनुक अकराव्या गुणसूत्रावर आहे आणि प्रत्येकाकडे त्याच्या दोन प्रती असतात, एक आईकडून आलेली, एक वडिलांकडून. एक प्रत बिघडली तरी दुसरी काम निभावून नेते, म्हणून वाहक व्यक्ती सहसा ठणठणीत असते. अशा आजारांना अप्रभावी आजार म्हणतात. आजार होतो तो निभावून नेणारी प्रत उरत नाही तेव्हा. दोन्ही प्रतींत बिघाड एकच असावा, ही अट त्यात कुठेही नाही. बीटा जनुक सुमारे १,६०० अक्षरांचे आहे, आणि त्यात थॅलेसेमिया घडवणारे दोनशेहून अधिक बदल आजवर सापडले आहेत.

सिकलमध्ये एका अक्षराच्या फरकाने साखळीतले सहावे अमिनो आम्ल बदलते. साखळी भरपूर तयार होते, पण सदोष. त्यातून बनलेले हिमोग्लोबिन एस प्राणवायू सोडल्यावर एकमेकांना चिकटून लांब दोरे तयार करते आणि लाल पेशी विळ्यासारखी वाकते. थॅलेसेमियात उलट घडते. भारतात सर्वाधिक आढळणारा बदल आयव्हीएस-१-५ या नावाने ओळखला जातो. त्यात साखळीच्या रचनेला धक्का लागत नाही. जनुकाचा संदेश छाटून जोडताना मात्र घोळ होतो आणि चांगली साखळी अगदी थोडी तयार होते. थोडक्यात, सिकलमध्ये माल खराब आणि थॅलेसेमियात मालाचा तुटवडा.

सिकलच्या वाहकाच्या पेशींत हिमोग्लोबिन एस साधारण ३५ ते ४० टक्के असते, तरी त्या वाकत नाहीत. कारण उरलेले निरोगी हिमोग्लोबिन ए दोरे बनण्याच्या आड येते. वाहकाचे सगळे आरोग्य या अडथळ्यावर उभे असते. दुसऱ्या प्रतीत थॅलेसेमियाचा बदल असला की हा अडथळाच नाहीसा होतो. एस तयार होतच राहते, ए जवळजवळ येत नाही. दोष दोन स्वभावांचे आहेत, पण एकाने केलेले नुकसान दुसरा उघडे पाडतो. हे मिश्रण एझिओ सिल्व्हेस्ट्रोनी आणि इडा बियांको या इटालियन डॉक्टर दांपत्याने १९४०च्या दशकातच ओळखले होते.

असे मूल दवाखान्यात येते तेव्हा काय दिसते, ते एका नमुन्याच्या उदाहरणातून पाहता येईल. चार वर्षांचा मुलगा, हातपाय दुखण्याचे वारंवार झटके, हिमोग्लोबिन ८. एचपीएलसी चाचणीत एस ७२ टक्के, गर्भावस्थेतले हिमोग्लोबिन एफ १९, ए२ ५ आणि ए जेमतेम ४. वरवर पाहता हा सरळ ‘एसएस’ रुग्ण वाटतो. खटकतो तो लाल पेशींचा आकार. एमसीव्ही ६२ आहे, आणि साध्या एसएस रुग्णात तो सहसा ८०च्या वर असतो. वडिलांचा अहवाल ‘एएस’, म्हणजे सिकलवाहक. आईची सोल्युबिलिटी चाचणी मात्र निगेटिव्ह. इथे घरात नको ते संशय उभे राहतात, किंवा प्रयोगशाळेची चूक झाली असे गृहीत धरले जाते. आईची एचपीएलसी केली की उलगडा होतो. एस शून्य, ए२ ५.२ टक्के, एमसीव्ही ६६. ती बीटा थॅलेसेमियाची वाहक आहे. ए२ साडेतीनच्या वर आणि पेशी लहान, ही त्याची ठरलेली खूण. अशा बायकांना वर्षानुवर्षे लोहाच्या गोळ्या दिल्या जातात, कारण दोन्हींत पेशी लहानच दिसतात.

सोल्युबिलिटी चाचणी फक्त एस शोधते, थॅलेसेमिया तिला दिसतच नाही. लग्नाआधी एवढीच चाचणी करून जोडीदार निर्धोक ठरवला, तर हा धोका नेमका निसटतो. एचपीएलसीलाही मर्यादा आहेत. नुकतेच रक्त चढवलेल्या मुलात रक्तदात्याचे ए दिसते आणि चित्र सौम्य भासते, म्हणून नमुना रक्त देण्यापूर्वी किंवा त्यानंतर सुमारे तीन महिन्यांनी घ्यावा लागतो. लोहाची तीव्र कमतरता असली तर ए२ खाली येऊन वाहकपण झाकले जाऊ शकते.

दोन बदल सापडणे आणि ते दोन वेगळ्या प्रतींवर असणे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दोन्ही बदल एकाच प्रतीवर असतील, तर दुसरी प्रत शाबूत राहते आणि व्यक्ती केवळ वाहक ठरते. सिकल आणि आयव्हीएस-१-५ ही ठिकाणे जनुकात शंभर अक्षरांच्या आतच असल्याने डीएनएच्या एकाच तुकड्यात दोन्ही वाचता येतात. सिस्टिक फायब्रोसिसचे जनुक मात्र सुमारे १ लाख ९० हजार अक्षरांचे आहे. तिथे दूरदूरचे दोन बदल कोणत्या प्रतीवर आहेत, हे नेहमीच्या तुकड्यातुकड्यांच्या वाचनातून कळत नाही. मग आईवडिलांची तपासणी करतात. एक बदल आईकडे आणि दुसरा वडिलांकडे आढळला, तर मुलात ते वेगळ्या प्रतींवर आहेत. दोन्ही एकाच पालकाकडून आले असतील, तर ते जवळपास नेहमीच एका प्रतीवरचे असतात.

दोष दोन वेगळ्या जनुकांत असले तर गणित बदलते. एका पालकाकडे सिकल आणि दुसऱ्याकडे अल्फा थॅलेसेमिया असेल, तर मुलाकडे दोन्ही आले तरी सिकलसेल आजार होत नाही. अल्फाची जनुके सोळाव्या गुणसूत्रावर आहेत, आणि बीटाची एक चांगली प्रत मुलाकडे असतेच.

नात्यात लग्न झाले तर एकाच पूर्वजाचा एकच बदल दोन्ही बाजूंनी येण्याची शक्यता वाढते. ते खरे आहे, पण त्यावरून परक्या घराण्यात सोयरीक केली की धोका टळला, असा निष्कर्ष काढणे चुकीचे. मिश्र जोडी जुळायला पूर्वज समान लागत नाही.

आजाराची तीव्रता जोडीवर ठरते. ए अजिबात न बनू देणारा थॅलेसेमियाचा बदल सिकलसोबत आला, तर आजार जवळपास एसएसइतकाच कठीण असतो. बदल सौम्य असून ए २० टक्क्यांपर्यंत बनत असेल, तर झटके बरेच कमी येतात. थॅलेसेमियाखेरीज इतर जोड्याही आहेत. सिकलसोबत हिमोग्लोबिन डी-पंजाब आले तर आजार तीव्र होतो, ईशान्य भारतात आढळणारे हिमोग्लोबिन ई आले तर तो सहसा सौम्य राहतो.

वरच्या दांपत्याला पुढच्या प्रत्येक गरोदरपणात असे मूल होण्याची शक्यता चारात एक. दोनदा मूल कुठल्या तरी एका दोषाचे वाहक, एकदा पूर्ण निर्दोष. गर्भाची तपासणी साधारण दहाव्या ते बाराव्या आठवड्यात वारेचा सूक्ष्म नमुना घेऊन करता येते. मात्र त्यासाठी वडिलांच्या सिकलबरोबर आईचा थॅलेसेमियाचा नेमका बदलही आधी शोधून ठेवावा लागतो. नुसत्या सिकलसाठी नमुना तपासला, तर वाहक गर्भ आणि आजारी गर्भ दोन्ही सारखेच दिसतात.