पत्रिकेतलं एक मिनिट

मराठी लग्नपत्रिकेत एक नवल दडलेलं असतं. दोन दिवस चालणाऱ्या कार्याची वेळ तीत मिनिटासकट छापलेली असते, पण बहुधा एकाच विधीची. हळद किती वाजता, सीमांतपूजन आदल्या संध्याकाळी आहे की नाही, याबद्दल पत्रिका गप्प असते. ‘आमच्या काकाच्या लग्नाला यायचं हं’ या चिमुकल्यांच्या ओळीला मात्र जागा हमखास मिळते. गावातल्या माणसाचं यात काही अडत नाही. परगावच्या पाहुण्याला मात्र व्हॉट्सअ‍ॅपवर आलेल्या स्क्रीनशॉटवरूनच गाडीचं तिकीट काढायचं असतं.

समजा, पत्रिका साताऱ्यातल्या लग्नाची आहे. मजकूर असा: माघ वद्य चतुर्थी, रविवार दि. १६ फेब्रुवारी २०२५, दुपारी १२ वाजून ३७ मिनिटे.

आधी तारीख पारखून घ्यावी. चित्रातला मजकूर उचलून देण्याची सोय बऱ्याच फोनमध्ये असते, पण नक्षीदार देवनागरी अंकांपुढे ती गडबडते आणि १६ ची १९ होऊ शकते. ही चूक वारावरून लगेच पकडता येते, कारण १९ फेब्रुवारी २०२५ ला बुधवार होता. तिथीही उपयोगाची असते. वद्य चतुर्थी म्हणजे संकष्टी, तेव्हा जेवणाच्या पंगतीत उपासवाल्यांची सोय आहे का, हे आधीच विचारून ठेवता येतं. वेळेला मात्र असा साक्षीदार नसतो. ३७ की ३१, हे चित्र मोठं करून डोळ्यांनीच वाचावं लागतं. स्क्रीनशॉटची खालची कड कापली गेली असेल तर पूर्ण पत्रिका मागवावी. स्वागत समारंभाची वेळ आणि कार्यालयाचा पत्ता बहुधा तिथेच असतो.

आता मुख्य गोष्ट. १२.३७ ही लग्न सुरू होण्याची वेळ नव्हे, अंतरपाट दूर होण्याची आहे. मंगलाष्टकं त्याआधी दहा-वीस मिनिटं सुरू होतात आणि ‘शुभमंगल सावधान’चा शेवटचा गजर मुहूर्तावर आणून बसवलेला असतो. म्हणजे हातात अक्षता घेऊन बसायचं तर पाहुणा सव्वाबाराला मांडवात हवा. बाकीचे विधी या मिनिटापासून मागे मोजत जायचे. मुलगी गौरीहरापाशी बसते ती त्याआधी. पुण्याहवाचन, देवक, ग्रहमख हे सकाळचं काम. हळद कुणाकडे त्याच सकाळी, कुणाकडे आदल्या दिवशी. सीमांतपूजन बहुधा आदल्या संध्याकाळी. हा क्रम घराघरांत बदलतो, म्हणून या वेळा अंदाजाने लिहू नयेत, कार्य असलेल्या घरच्यांना विचाराव्यात.

मुहूर्तानंतरचा भाग पुढे मोजायचा. कन्यादान, होम, सप्तपदी यांना सहज दीड-दोन तास लागतात, पण पंगती अक्षता पडल्या की सुरू होतात. परतीची गाडी पकडायची असणाऱ्याला हे ठाऊक असलं म्हणजे झालं. मामा-मावशीसारख्या जवळच्यांनी मात्र झाल आणि पाठवणी होईपर्यंतचा वेळ धरावा.

मग एकच निरोप तयार होतो. छापील वेळेपुढे ‘पत्रिकेतून’ आणि विचारून घेतलेल्या वेळेपुढे ‘घरून’ असं लिहावं, म्हणजे काय पक्कं आणि काय सरकू शकतं ते कळतं:

शनि. १५, सायं. ७ – सीमांतपूजन (घरून)
रवि. १६, स. ८ – हळद (घरून)
दु. १२.१५ – मांडवात हजर
दु. १२.३७ – मुहूर्त (पत्रिकेतून)
दु. १ पासून – पंगती (घरून)

पुण्याहून साताऱ्याला साधारण ११० किलोमीटर. अडीच तास धरले तरी खंबाटकी घाटातल्या गर्दीसाठी वर एक तास राखावा. अक्षतांसाठी येणाऱ्याने पावणेनऊला निघावं. हळदीला हजर राहायचं तर शनिवारीच मुक्कामाला यावं.  रेल्वेने येणाऱ्यांना हेही कळवावं, की साताऱ्याचं स्टेशन भर शहरात नसून माहुलीजवळ आहे, तेव्हा तिथून रिक्षाचा वेळ वेगळा.

पत्रिकेत नुसतं ‘गोरज मुहूर्तावर’ असेल तर फसगत सोपी. गोरज म्हणजे सूर्यास्ताच्या आसपासची वेळ, आणि सूर्यास्त लग्नाच्या गावचा धरायचा. नागपूर मुंबईच्या सुमारे सहा अंश पूर्वेला आहे. अंशाला चार मिनिटं या हिशेबाने तिथे सूर्य जवळपास पंचवीस मिनिटं आधी मावळतो. मुंबईकराने आपल्या कॅलेंडरातला सूर्यास्त पाहून नागपूरच्या लग्नाचं गणित मांडलं, तर अक्षता चुकल्याच म्हणून समजा.

निरोप गटात टाकण्याआधी वधू किंवा वराकडच्या एका माणसाकडून वाचून घ्या, आणि खाली त्याचाच फोन नंबर द्या. वेळ बदलली तर लोक पत्रिका उघडून पाहत नाहीत, फोन करतात.