पाण्याचा त्रिकोण, एक बाण आणि बूझेचं धरण

धरणाच्या भिंतीवर पाणी सगळीकडे सारख्या जोराने रेटत नाही. पृष्ठभागाशी दाब शून्य असतो आणि जसजसं खाली जावं तसतसा तो वाढतो. एक घनमीटर पाण्याचं वजन एक टन, त्यामुळे हिशेब सोपा आहे: दोन मीटर खोलीवर दर चौरस मीटरला दोन टन, सहा मीटर खोलीवर सहा टन. भिंतीशेजारी हे दाब बाणांनी काढले तर वर निमुळता आणि खाली रुंद असा त्रिकोण तयार होतो.

सहा मीटर पाणी अडवणारी, सहा मीटर उंच आणि चार मीटर जाड दगडी भिंत घेऊ आणि तिच्या लांबीतला एकच मीटर पाहू. एकूण रेटा म्हणजे त्या त्रिकोणाचं क्षेत्रफळ: अर्धा गुणिले सहा गुणिले सहा, म्हणजे १८ टन. भिंत उलथेल का, हे तपासायला या असंख्य बाणांच्या जागी १८ टनांचा एकच बाण काढतात. इंजिनिअर त्याला पॉइंट लोड म्हणतात. तो लावायचा त्रिकोणाच्या गुरुत्वमध्याच्या पातळीवर, म्हणजे तळापासून एक तृतीयांश उंचीवर. इथे ती उंची दोन मीटर.

एक तृतीयांशच का? पाण्याचे एकेक मीटरचे सहा थर पाडा. वरून खाली त्यांचा रेटा अर्धा, दीड, अडीच, साडेतीन, साडेचार आणि साडेपाच टन येतो. बेरीज १८. आता प्रत्येक रेट्याला त्याच्या थराच्या मध्याच्या तळापासूनच्या उंचीने गुणा. वरचा अर्धा टन साडेपाच मीटरवर आहे, खालचे साडेपाच टन अर्ध्या मीटरवर. सगळे गुणाकार मिळवले की साडेछत्तीस येतात. हा भिंतीला उलथवणारा मोमेंट, टन-मीटरमध्ये. थर आणखी पातळ केले तर आकडा ३६ वर येऊन ठेपतो, कारण प्रत्येक थरातही खालचा भाग थोडा जड असतो आणि जाड थर धरल्याने तेवढी चूक राहते. ३६ भागिले १८ म्हणजे दोन मीटर. बाण त्या जागी लावला की एकूण रेटा तोच राहतो आणि मोमेंटही तोच. तोच बाण भिंतीच्या मध्यावर, तीन मीटरवर लावला असता तर मोमेंट ५४ आला असता, दीडपट.

भिंतीचं वजन, घनमीटरला २.४ टन धरून, ५७.६ टन होतं. ३६ ला ५७.६ ने भागलं की कळतं, वजन आणि रेटा यांचा एकत्र परिणाम तळाच्या मध्यापासून सुमारे ६२ सेंटिमीटर पुढे सरकतो. दगडी बांधकामाला ताण सोसवत नाही, म्हणून हा परिणाम तळाच्या मधल्या तृतीयांशात राहावा लागतो; इथे त्याची मर्यादा ६७ सेंटिमीटर. भिंत जेमतेम पास होते.

मात्र हा बाण संपूर्ण भिंतीपुरताच खरा आहे. भिंतीच्या मध्यावर, तीन मीटर खोलीवर, बांधकामाला किती सोसावं लागतं हे त्यावरून काढायला गेलात तर उत्तर शून्य येईल, कारण बाण त्या पातळीच्या खाली आहे. प्रत्यक्षात वरचं तीन मीटर पाणी तिथे साडेचार टनांनी रेटत असतं. म्हणून ज्या पातळीवर तपासायचं, तिच्या वरच्या पाण्याचाच नवा त्रिकोण काढायचा आणि त्याचा बाण त्या पातळीच्या वर एक तृतीयांशावर लावायचा. विद्यार्थ्यांची सर्वाधिक गल्लत इथे होते. आधी त्रिकोण तोडायचा आणि मग बाण काढायचा. हा क्रम उलटला की उत्तर चुकतं.

त्याहून घातक चूक म्हणजे एखादा त्रिकोण मोजायचाच राहून जाणं. फ्रान्समध्ये एपिनालजवळ बूझे इथलं दगडी धरण २७ एप्रिल १८९५ ला फुटलं आणि ऐंशीहून अधिक माणसं गेली. १८८४ मध्ये ते तळाशी सरकलं होतं. त्यानंतर त्याची दुरुस्तीही झाली होती. १८९५ मध्ये मात्र ते तळाशी नव्हे, वरच्या भागात तुटलं. बांधकामाच्या आडव्या भेगेत पाणी शिरलं की ते भिंतीला आतून वर उचलतं. हा दाब हिशेबात धरलेला नव्हता.

आपल्याच भिंतीखाली तो धरून पाहा. पाण्याकडच्या कडेला दाब सहा टन, पलीकडे शून्य: आडवा पडलेला दुसरा त्रिकोण, एकूण १२ टन. त्याचा बाण पाण्याकडून चार मीटरच्या एक तृतीयांशावर, म्हणजे तळाच्या मध्यापासून ६७ सेंटिमीटरवर, वरच्या दिशेने लागतो. उलथवणारा मोमेंट ३६ चा ४४ होतो आणि भिंतीला खाली दाबणारं वजन ४५.६ टनच उरतं. एकत्र परिणाम मध्यापासून ९६ सेंटिमीटरवर जातो, मर्यादेच्या बराच बाहेर. पाण्याकडची कड उघडू लागते, भेगेत आणखी पाणी शिरतं, आणि आडवा त्रिकोण वाढत जातो.

बूझेनंतर मोरिस लेव्ही या फ्रेंच इंजिनिअरने धरणांसाठी कडक नियम मांडला: पाण्याकडच्या बाजूला, कोणत्याही पातळीवर, बांधकामातला उभा दाब त्या पातळीच्या पाण्याच्या दाबाहून कमी नसावा. मग पाण्याला भेग उघडताच येत नाही.