बॉयलरच्या नळ्यांत पिळाची पट्टी : उष्णता वाढते, पण ओढ सांभाळा

बारामती व इंदापूर तालुक्यांत दुधाचा जोडधंदा मोठा आहे. दूध तापविण्यासाठी, पनीरसाठी छोटे धूरनळी बॉयलर वापरले जातात. त्यांत नळ्यांतून धूर जातो व भोवती पाणी असते. पाणी उष्णता झटपट घेते, परंतु धूर ती सावकाश देतो. नळीच्या मध्यातील गरम धूर भिंतीला न लागताच धुराड्यात निघून जातो. म्हणून सुधारणा करायची ती धुराच्या बाजूला.

यासाठी लोखंडी पट्टीला पीळ देऊन ती नळीत सरकवितात. धूर गोल फिरत जातो, भिंतीवर घासतो व जास्त उष्णता देतो. मात्र त्याच्या वाटेत अडथळाही वाढतो.

समजा, 50 मि.मी. व्यासाची, 3 मीटर लांबीची नळी आहे. पट्टीला दर 20 सें.मी.ला अर्धा पीळ आहे. हिशेबाने उष्णता देण्याचा वेग सुमारे 35 टक्के वाढतो. नळीत 600 अंश सेल्सिअसला शिरणारा धूर पूर्वी 285 अंशांना बाहेर पडत असेल, तर आता सुमारे 235 अंशांना पडेल. दिवसाला 500 किलो जळण लागत असल्यास 12 ते 15 किलो वाचेल.

आता दुसरी बाजू पाहू. मोकळ्या नळीतून धूर ढकलण्यास पाण्याच्या सुमारे अडीच मि.मी. उंचीएवढा दाब लागत होता. पट्टीमुळे तो तिप्पट, म्हणजे 7 मि.मी.च्या पुढे जातो. दहा मीटर उंच धुराड्याची नैसर्गिक ओढ सारी मिळून साडेचार मि.मी.च्या आसपास असते. अशा ठिकाणी पट्टी घातल्यास धूर भट्टीच्या दारातून उलटा येईल व जळण अर्धवट जळेल. म्हणून पंखा नसलेल्या बॉयलरमध्ये सर्व नळ्यांत पट्ट्या घालू नयेत. पंखा असल्यास विजेचा जादा खर्च किरकोळ असतो. परंतु पंख्याला तेवढा दाब देता येतो का, हे आधी तपासावे.

नळीची भिंत आतून खडबडीत किंवा खाचांची केल्यासही उष्णता वाढते. पण वेड्या बाभळीच्या वा भुश्याच्या जळणाची काजळी खाचांत बसते व ब्रशने नीट निघत नाही. पट्टी मात्र ओढून काढता येते, म्हणून ती नळीला वेल्डिंग करू नये.

धुराड्याच्या बुडाशी तापमापक बसवून रोज नोंद ठेवावी. तापमान हळूहळू वाढू लागल्यास काजळी साचली असे समजावे; पट्ट्या काढून नळ्या घासाव्यात. ते 150 अंशांखाली उतरू देऊ नये, नाहीतर धुरातील ओल धरून लोखंड गंजते. दारातून धूर येऊ लागला किंवा धुराड्यातून काळा धूर निघू लागला, तर काही पट्ट्या काढून पाहावे. हे काम बॉयलर थंड असताना व जाणकार कारागिराकडूनच करून घ्यावे.