20,000 आले, राहिले किती?

8 डिसेंबर 2023 रोजी कांद्याची निर्यातबंदी लागू झाली आणि लासलगावसह नाशिक जिल्ह्यातल्या बाजार समित्यांत लिलाव बंद पडले. अशा दिवशी बाजार समितीच्या आवारातून टाकलेला दहा मिनिटांचा व्हिडिओ राज्यभर फिरू शकतो, आणि आठवडाभरात चॅनलच्या सबस्क्रायबरचा आकडा कुठल्या कुठे जातो. तो आकडा म्हणजे प्रेक्षक, असं मानून पुढची आखणी करणं ही मला या धंद्यातली सर्वांत महागात पडणारी चूक वाटते. सबस्क्राइबचं बटण दाबणं ही त्या दिवसाच्या संतापाची खूण असू शकते; सवयीची असेलच असं नाही. सवय लागली की नाही हे कळायला त्या एका आठवड्यात आलेल्या तुकडीचा पुढच्या व्हिडिओंवर माग काढावा लागतो. यालाच कोहोर्ट विश्लेषण म्हणतात: एकाच वेळी आलेल्यांचा एक गट धरायचा आणि वय वाढेल तसे त्यातले किती टिकतात ते पाहायचं.

अडचण अशी की, यूट्यूब स्टुडिओ कोणता सबस्क्रायबर कोणता व्हिडिओ बघतो हे सांगत नाही. पण कोणत्या व्हिडिओने किती सबस्क्रायबर दिले हे सांगतो, आणि प्रत्येक व्हिडिओचे व्ह्यूज सबस्क्रायबरचे किती आणि इतरांचे किती हेही वेगळं करून देतो. विभागणी पाहणाऱ्याची त्या क्षणीची स्थिती धरून होते. म्हणजे व्हायरल व्हिडिओ बघून मग सबस्क्राइब केलेल्याचा तो व्ह्यू ‘इतरां’तच राहतो, त्यामुळे व्हायरल व्हिडिओ हिशोबाबाहेर ठेवून पुढच्यांकडेच बघायचं. समजावण्यापुरते आकडे घेऊ. निफाडकडच्या एका चॅनलचे 4,000 सबस्क्रायबर आहेत. बाजारभावाच्या व्हिडिओला पहिल्या सात दिवसांत सबस्क्रायबरचे सरासरी 600 व्ह्यूज येतात, द्राक्षावरच्या भुरीच्या व्हिडिओला 500. मग एका आठवड्यात 20,000 नवे आले. दुसऱ्या आठवड्यातल्या बाजारभावाला 1,600 व्ह्यूज मिळाले, म्हणजे वाढीव 1,000. 20,000 च्या मानाने 5 टक्के. आठव्या आठवड्यात एकूण 950 व्ह्यूज, बाराव्यात 940. भुरीच्या व्हिडिओला मात्र 520. उतार आठव्या आठवड्यानंतर थांबला, ही खरी बातमी आहे: बाजारभावासाठी 340 व्ह्यूजच्या आसपासचा गाभा टिकला, द्राक्षासाठी जवळपास कोणीच नाही. हाच उतार बाराव्या आठवड्यातही चालू असता, तर टिकलेले किती याचा आकडा सांगण्यात अर्थ नव्हता.

यावर पहिला आक्षेप बरोबरच आहे: वाढीव व्ह्यूज नव्यांचेच कशावरून? निर्यातबंदीच्या काळात जुने शेतकरीही रोज भाव बघत असणार. म्हणूनच भुरीचा व्हिडिओ शेजारी ठेवायचा. पण त्यानेही जुने-नवे पूर्ण वेगळे होत नाहीत. त्यामुळे 340 हा नव्यांचा वरचा अंदाज समजावा, खरा आकडा त्याहून कमी असू शकतो. शिवाय एकाच माणसाने दोनदा पाहिलं तर दोन व्ह्यूज पडतात. दुसरी चूक तुलनेत होते. जुन्या 4,000 पैकी 15 टक्के बघतात आणि नव्यांपैकी 1.7, म्हणून नवे वाईट, असं म्हणता येत नाही. जुने अनेक वर्षांत चाळून उरलेले आहेत. तुलना समवयस्कांशी हवी: साध्या महिन्यात साध्या व्हिडिओतून आलेली तुकडी बाराव्या आठवड्यात किती व्ह्यूज वाढवते? अशा महिन्यात तीनेकशे सबस्क्रायबर आले, तर त्यांची वाढ एरवीच्या चढउतारात बुडून जाते, म्हणून असे पाच-सहा महिने एकत्र करून सरासरी काढावी लागते. ती 10 टक्क्यांच्या आसपास निघाली, तर 20,000 ची तुकडी खरोखर पातळ आहे.

आणखी एक बचाव नेहमी ऐकू येतो: नवे बघायला तयार आहेत, यूट्यूबच त्यांना दाखवत नाही. यात तथ्य आहे, पण जे पहिले दोन-तीन व्हिडिओ उघडत नाहीत त्यांच्यापुढे तेच चॅनल पुन्हा येण्याची शक्यता कमी होते. कारण काही असो, भुरीच्या व्हिडिओवर ते नाहीत. व्ह्यूज ऋतूमुळे घटले, हा बचाव मात्र मी गंभीरपणे घेतो. लाल कांद्याच्या आवकेतला आठवडा आणि उन्हाळ कांद्याचा आठवडा यांची तुलना करूच नये. मागच्या वर्षीच्या त्याच आठवड्याचा आकडा हाताशी हवा. खरी कसोटी 4 मे 2024 नंतरची होती. त्या दिवशी निर्यातबंदी उठली आणि 20,000 जणांचं यायचं कारण संपलं. बंदी उठण्याची स्वतःचीच बातमी झाली, म्हणून तो आठवडा वगळून जूनचे आकडे पाहायचे.

अशी कसोटी होईपर्यंत नवा कॅमेरा घेऊ नका, माणूस ठेवू नका, आणि जाहिरातदाराला 24,000 हा आकडा सांगू नका. त्याला सात दिवसांतले सबस्क्रायबरचे व्ह्यूज सांगा: बाजारभावाला 940, द्राक्षाला 520.