लंडनचे वार्तापत्र : प्रपोझल आणि पॉलिसी यांमधले दिवस

ब्रिटनमध्ये आयुर्विम्याचा प्रपोझल फॉर्म भरल्यापासून पॉलिसी सुरू होईपर्यंत काही आठवडे सहज जातात. विमा गृहकर्जासाठी काढलेला असला, तर हा काळ महिन्यांवर जातो. कंपनी अर्जदाराच्या संमतीने त्याच्या जीपीकडून, म्हणजे नेहमीच्या सरकारी डॉक्टरकडून, अहवाल मागवते, जोखीम तपासते आणि हप्ता ठरवून होकार कळवते. पण पॉलिसीची तारीख बहुधा घराचा ताबा मिळण्याच्या दिवसाला बांधलेली असते, आणि ताबा लांबतो. एखादा नवा आजार निघाला की गुंता होतो तो याच मधल्या दिवसांत.

एक नमुना घेऊ. हॅरोमध्ये घर घेणाऱ्या अडतीस वर्षांच्या गृहस्थाने मार्चमध्ये दोन लाख पौंडांच्या विम्यासाठी अर्ज केला. मधुमेह आहे का, या प्रश्नाला त्याने ‘नाही’ लिहिले, आणि ते तेव्हा खरेच होते. महिनाअखेर कंपनीने दरमहा २० पौंड हप्ता सांगितला. मे महिन्यात नेहमीच्या रक्ततपासणीत त्याचे एचबीए१सी ५१ आले. ४८ किंवा त्याहून जास्त आकडा मधुमेहाकडे बोट दाखवतो, म्हणून डॉक्टरांनी खात्रीसाठी दुसऱ्यांदा रक्त तपासायला सांगितले. ताबा जूनमध्ये मिळायचा होता.

पूर्वी इथे नियम कडक होता. करार पुरा होईपर्यंत जोखमीशी संबंध असलेले सगळे ग्राहकाने आपणहून सांगायचे, कोणी विचारो वा न विचारो. २०१२ च्या ग्राहक विमा कायद्याने, जो एप्रिल २०१३ पासून लागू झाला, हे ओझे काढले. आता ग्राहकाने चुकीची माहिती जाऊ नये एवढी वाजवी काळजी घ्यायची, आणि काय हवे ते कंपनीने स्पष्ट विचारायचे. मात्र आधी दिलेली माहिती अजून बरोबर आहे का, बदल असल्यास कळवा, असे कंपनीने विचारले आणि ग्राहक गप्प राहिला, तर ते मौनही चुकीची माहिती ठरू शकते. होकाराच्या पत्रात ही सूचना बहुधा असते. म्हणून ते पत्र नीट वाचणे अर्जाइतकेच महत्त्वाचे आहे. भारतातही एलआयसीच्या प्रपोझलमधली घोषणा पहिल्या हप्त्याची पावती मिळेपर्यंतचे तब्येतीतले बदल कळवायला सांगते.

कळवायचे कधी? निदान पक्के होण्याची वाट पाहणे ही इथली नेहमीची चूक. फॉर्ममध्ये फक्त आजाराचे नाव विचारलेले नसते. चालू तपासण्या, न आलेले निकाल, तज्ज्ञाकडे पाठवणी हेही विचारलेले असते. म्हणून या गृहस्थाने पहिला आकडा आला त्याच आठवड्यात कळवायला हवे. दुसरी चूक म्हणजे जीपीला माहीत आहे म्हणजे कंपनीलाही माहीत आहे, असे धरून चालणे. जीपीचा अहवाल मार्चमधला आहे. मे महिन्यातली नोंद आपोआप कंपनीकडे जात नाही. सल्लागाराला सांगितले म्हणजे झाले, असेही नाही. स्वतंत्र सल्लागार सहसा ग्राहकाचा प्रतिनिधी मानला जातो, कंपनीचा नव्हे. त्यामुळे अर्ज क्रमांक, तपासणीची तारीख आणि आकडा लिहून थेट कंपनीला ईमेल करावी आणि पोच जपून ठेवावी.

कळवल्यावर कंपनी पुन्हा तपासते. ती हप्ता वाढवू शकते, नवा मधुमेह आटोक्यात येईपर्यंत निर्णय काही महिने पुढे ढकलू शकते, नकारही देऊ शकते. ऐन घरखरेदीत हे जिवावर येते, पण घर हातात येण्याआधी कळलेले बरे.

न कळवल्यास काय होते ते हिशेबाने पाहू. समजा त्याने न कळवता पॉलिसी सुरू केली आणि चार वर्षांनी तो वारला. क्लेमच्या वेळी जीपीच्या नोंदी मागवल्या जातात आणि मे महिन्याचा आकडा समोर येतो. सूचना वाचायची राहिली, एवढाच निष्काळजीपणा असेल आणि कंपनीने तेव्हा ३२ पौंड हप्ता लावला असता, तर २० भागिले ३२ या प्रमाणात, म्हणजे साडेबासष्ट टक्के रक्कम मिळते. दोन लाखांऐवजी पत्नीच्या हाती सव्वा लाख येतात, कर्ज मात्र पुरे असते. कंपनीने विमाच दिला नसता, तर ती पॉलिसी रद्द करून फक्त हप्ते परत करते. जाणूनबुजून लपवले असे ठरले, तर बहुधा हप्तेही बुडतात. पण ते सिद्ध करण्याची जबाबदारी कंपनीची. भारतात विमा कायद्याच्या कलम ४५ नुसार तीन वर्षांनंतर पॉलिसीला आव्हान देता येत नाही. ब्रिटनच्या कायद्यात अशी मुदत नाही.

कंपनीच्या निर्णयाविरुद्ध कुटुंबाला फायनान्शियल ऑम्बड्समन सर्व्हिसकडे विनाशुल्क दाद मागता येते. तिथे पहिला प्रश्न असतो तो कंपनीने नेमके काय आणि किती स्पष्ट विचारले हा. बारीक अक्षरात कुठेतरी दडवलेली सूचना तिथे कंपनीच्या बाजूने फारशी टिकत नाही. पॉलिसी सुरू झाल्यानंतर निघालेला आजार कळवण्याचे बंधन सर्वसाधारण आयुर्विम्यात नसते.