यादी ताजी, तपासनीस जुना: अँटिव्हायरसचे दोन अपडेट

आज एकाच प्रश्नावर बोलू या. अँटिव्हायरसच्या खिडकीत हिरवी खूण दिसते, खाली "आजच अपडेट झाले" असं लिहिलेलं असतं आणि आपण निश्चिंत होतो. पण आज नक्की काय अपडेट झालं? बहुतेक वेळा फक्त डेफिनिशन, म्हणजे खुणांची यादी. ती यादी वाचून फाईल तपासणारा प्रोग्रॅम ही वेगळी गोष्ट आहे, आणि तो कदाचित दोन वर्षांपूर्वीचाही असू शकतो.

हा फरक उघडा करून बघायचा तर क्लॅमएव्ही हा अँटिव्हायरस सोयीचा. तो मुक्त स्रोत आहे, अनेक मेल सर्व्हरवर चालतो आणि त्याच्या यादीतली नोंद कशी लिहितात हे कुणालाही वाचता येतं. म्हणून आपण आपलीच एक निरुपद्रवी नोंद तयार करू. `namuna.ndb` नावाच्या फाईलमध्ये एकच ओळ लिहायची:

```
Namuna.Test-1:0:*:6e616d756e61
```

विसर्गचिन्हांनी हिचे चार भाग पडलेत. पहिलं आपण ठेवलेलं नाव. मग शून्य, म्हणजे कुठल्याही प्रकारची फाईल. मग तारा, म्हणजे फाईलमध्ये कुठेही. आणि शेवटी खरी खूण: namuna या सहा अक्षरांचे हेक्स आकडे. म्हणजे डेफिनिशन ही मुळात माहिती आहे. ती स्वतः काही करत नाही. "हे बाइट दिसले तर हे नाव सांग" एवढंच ती म्हणते. खऱ्या यादीत अशा लाखो नोंदी असतात आणि त्यांतल्या कित्येक हिच्यापेक्षा बऱ्याच गुंतागुंतीच्या असतात, पण तत्त्व हेच.

आता `patra.txt` या फाईलमध्ये पानभर मजकूर लिहा, त्यात कुठेतरी namuna हा शब्द घाला. मग त्याच फाईलची झिप करा. झिपमध्ये आतल्या फाईलचं नाव उघडं राहतं, म्हणून फाईलच्या नावात तो शब्द नको. आता तीन वेळा तपासणी करू:

```
clamscan -d namuna.ndb patra.txt
clamscan -d namuna.ndb patra.zip
clamscan -d namuna.ndb --scan-archive=no patra.zip
```

पहिल्या वेळी `FOUND` येतं, त्यात नवल नाही. दुसऱ्या वेळीही `FOUND` येतं, आणि इथे जरा थांबा. मजकूर झिपमध्ये दाबून बसवला की ते सहा बाइट त्या क्रमाने फाईलमध्ये उरतच नाहीत. तरी सापडलं, कारण प्रोग्रॅमने आधी झिप ओळखली, उलगडली आणि मग आतल्या मजकुरात खूण शोधली. तिसऱ्या वेळी आपण प्रोग्रॅमला सांगितलं की झिप उलगडू नकोस. उत्तर आलं `OK`. यादी तीच, फाईल तीच, पण हाती काही लागलं नाही.

हे `OK` ध्यानात ठेवा. इथे आपण मुद्दाम एक क्षमता बंद केली. जुन्या प्रोग्रॅममध्ये ती मुळातच नसते. एखादा नवा पॅकर किंवा दाबून ठेवण्याचा नवा प्रकार त्याला उलगडता येत नसेल, तर आज सकाळी आलेली यादी हाताशी असूनही तो `OK` म्हणेल. "मला हे उघडता आलं नाही" असं तो दर वेळी सांगेलच असं नाही. "काही नाही" आणि "काही दिसलं नाही" यांत फरक आहे, आणि पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात.

याचा अर्थ यादी दुय्यम आहे असा बिलकुल नाही. काल रात्री सोडलेल्या ट्रोजनची खूण परवाच्या यादीत असणारच नाही, मग प्रोग्रॅम कितीही नवा असो. नवे प्रोग्रॅम वागणुकीवरून काही गोष्टी पकडतात हे खरं, पण ओळखलेली फाईल चालण्याआधीच अडवायला यादीच लागते. म्हणून डेफिनिशन दिवसातून एकदा, काही ठिकाणी अनेकदा येतात, आणि प्रोग्रॅम सावकाश, साधारण काही आठवड्यांनी किंवा महिन्यांनी बदलतो.

आता पुढची पायरी. जुना प्रोग्रॅम नवी यादी पूर्ण वाचू शकतो का? क्लॅमएव्हीमध्ये प्रत्येक आवृत्तीला एक क्षमता-स्तर असतो, साधा आकडा. नोंदीच्या शेवटी तो आकडा जोडता येतो:

```
Namuna.Test-1:0:*:6e616d756e61:51
```

म्हणजे ज्याचा स्तर 51 किंवा त्याहून वर आहे त्यानेच ही नोंद उचलावी. त्याखालचा प्रोग्रॅम ती सोडून पुढे जातो. हे शहाणपणाचंच आहे, नाहीतर न समजणाऱ्या नोंदीपाशी तो अडून बसेल. पण परिणाम बघा: यादीवर तारीख आजची, डाउनलोड यशस्वी, आणि तरी त्यातल्या काही नोंदी तुमच्या मशीनवर कामाला लागलेल्याच नाहीत.

आणि कधीकधी तो अडून बसतोही. त्याचा प्रसंग 2010 सालचा आहे. क्लॅमएव्हीची `freshclam` ही आज्ञा रोज पूर्ण यादी आणत नाही. कालच्या यादीत काय बदललं तेवढाच छोटा तुकडा आणते. जुन्या `freshclam`मध्ये एक दोष सापडला: 980 बाइटपेक्षा लांब नोंद असली की तो तुकडा जोडला जाईना. तुकडा जोडता आला नाही की पूर्ण यादी नव्याने उतरवली जाते. जगभरच्या जुन्या सर्व्हरनी प्रत्येक वेळी हेच केलं असतं तर यादी वाटणाऱ्या मिरर सर्व्हरवर न पेलणारा भार आला असता. म्हणजे जुने प्रोग्रॅम वापरणाऱ्यांसाठी लांब नोंदी प्रसिद्धच करायच्या नाहीत, आणि त्याचा तोटा नवा प्रोग्रॅम वापरणाऱ्यांनीही सोसायचा, असा पेच झाला.

मार्च 2009 मध्ये आलेल्या 0.95 आवृत्तीत हा दोष नव्हता. म्हणून क्लॅमएव्हीच्या मंडळींनी ऑक्टोबर 2009 मध्ये जाहीर केलं की 15 एप्रिल 2010 पासून यादीत एक खास नोंद येईल आणि 0.95 च्या आधीच्या आवृत्त्या बंद पडतील. ती नोंद गमतीदार होती. जिथे हेक्स आकडे हवेत तिथे चक्क एक इंग्रजी वाक्य होतं: ही आवृत्ती संपली आहे, कृपया नवी घ्या, अशा अर्थाचं. जुन्या प्रोग्रॅमला ते आकडे म्हणून वाचता येईना, म्हणून तो यादी चढवणं सोडून द्यायचा आणि चूक कुठे झाली हे लॉगमध्ये लिहिताना तेच वाक्य छापायचा. ज्या सर्व्हरवर तपासल्याशिवाय मेल पुढे सोडायचा नाही अशी मांडणी होती, तिथे मेल अडकले. बरेच व्यवस्थापक चिडले, आणि दुसऱ्याच्या मशीनवरचा प्रोग्रॅम असा बंद पाडावा का यावर वादही झाला. वाद रास्त आहे. पण त्या सर्व्हरवर यादी रोज येत होती आणि प्रोग्रॅम वर्षभर तसाच होता, हेही तितकंच खरं.

दुसरं कारण अधिक गंभीर आहे: अँटिव्हायरस स्वतःच हल्ल्याचं दार होऊ शकतो. अनोळखी माणसाने पाठवलेली फाईल सगळ्यात आधी कोण उघडतं? आपण नाही, अँटिव्हायरस. आणि तो मशीनवरच्या सर्वोच्च अधिकाराने चालत असतो. मे 2017 मध्ये गूगलच्या प्रोजेक्ट झिरोमधल्या टॅव्हिस ऑर्मंडी आणि नॅटली सिल्व्हानोविच यांना मायक्रोसॉफ्टच्या अँटिव्हायरस इंजिनात असाच दोष सापडला. फाईलमध्ये जावास्क्रिप्ट दिसली की ती काय करते हे पाहण्यासाठी इंजिन ती स्वतः चालवून बघायचं, आणि त्या भागात चूक होती. नीट रचलेली फाईल नुसती मशीनवर पोचली, तपासणी आपोआप सुरू झाली, की हल्लेखोराच्या हाती मशीन. मेल उघडायचीही गरज नव्हती.

आता सांगा, इथे ताजी यादी काय करणार? धोका तपासण्याच्या क्रियेतच होता. उपाय एकच, इंजिन बदलणं. मायक्रोसॉफ्टने 8 मे रोजी ते बदललं, 1.1.13701.0 पर्यंतचं इंजिन सदोष आणि 1.1.13704.0 दुरुस्त. डिफेंडरमध्ये इंजिन डेफिनिशनच्याच वाटेने येतं, म्हणून घरोघरी ते लवकर पोचलं. पण डिफेंडरचा तिसरा भाग, ज्याला प्लॅटफॉर्म म्हणतात, तो विंडोज अपडेटमधून KB4052623 या क्रमांकाने येतो. विंडोज अपडेट थोपवून धरलं असेल तर तो मागे राहू शकतो.

मग आपल्या मशीनवर बघायचं कसं? विंडोजवर पॉवरशेलमध्ये ही ओळ द्या:

```
Get-MpComputerStatus | Select AMProductVersion, AMEngineVersion, AntivirusSignatureVersion, AntivirusSignatureLastUpdated
```

पहिला आकडा प्लॅटफॉर्मचा, दुसरा इंजिनचा, उरलेले दोन यादीचे. यादीची तारीख आज-कालची हवी. पहिले दोन आकडे मायक्रोसॉफ्टच्या पानावरच्या चालू आकड्यांशी ताडून बघा. क्लॅमएव्हीसाठी `clamscan --version` पुरे. एकाच ओळीत तिरप्या रेघांनी तीन गोष्टी येतात: प्रोग्रॅमची आवृत्ती, यादीचा क्रमांक, यादीची तारीख. बहुतेक जण शेवटची वाचून थांबतात, पहिली वाचा. इतर अँटिव्हायरसमध्ये हे आकडे "अबाउट" खिडकीत असतात. आणि `EICAR` ही चाचणीची फाईल पकडली गेली म्हणजे सगळं ताजं आहे, असं समजू नका. तपासणी चालू आहे, एवढंच तिने कळतं; दहा वर्षांपूर्वीची यादीही ती पकडते.

श्रोत्यांमधून एक प्रश्न आलाय: "सर, मग प्रोग्रॅमही यादीसारखा रोज का बदलत नाहीत?" चांगला प्रश्न. प्रोग्रॅम विंडोजच्या अगदी आतल्या थरात बसतो, चुकला तर मशीन सुरूच होत नाही, म्हणून तो जास्त तपासून आणि टप्प्याटप्प्याने सोडतात. यादीची चूकही महाग पडू शकते. 21 एप्रिल 2010 ला मॅकॅफीच्या 5958 क्रमांकाच्या यादीने विंडोज एक्सपीची स्वतःची `svchost.exe` ही फाईल व्हायरस ठरवली आणि अनेक मशीन पुन्हा पुन्हा बंद-चालू होत राहिली. फरक एवढाच, की यादीत काही तासांचा उशीरसुद्धा परवडत नाही, म्हणून तिथे हा धोका पत्करतात. प्रोग्रॅमला काही दिवस थांबलेलं चालतं. वर्षभर थांबलेलं चालत नाही.