मुलाखतपत्रात काय लिहावे

अनुदानित महाविद्यालयात सहायक प्राध्यापकाची जागा भरताना छाननीतून निवडलेल्या उमेदवारांना जे मुलाखतपत्र जाते, त्यावर पुढचा सगळा दिवस अवलंबून असतो. पत्रात एक ओळ राहिली, तर मुलाखतीच्या सकाळी कार्यालयासमोर गोंधळ उडतो आणि त्याची किंमत बहुधा उमेदवारच मोजतो.

तारीख ठरते ती निवड समितीच्या सोयीने. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८च्या विनियमांनुसार समितीत संस्थेचे अध्यक्ष, प्राचार्य, विभागप्रमुख, कुलगुरूंचे प्रतिनिधी आणि बाहेरचे विषयतज्ज्ञ असतात. गणपूर्तीला पाच सदस्य लागतात आणि त्यांत बाहेरचे किमान दोन विषयतज्ज्ञ असावेच लागतात. म्हणून तज्ज्ञांचा होकार लेखी हाती आल्याशिवाय पत्रे पाठवू नयेत. एका तज्ज्ञाने ऐनवेळी नकार दिला तर दूरवरून आलेल्या उमेदवारांची फेरी फुकट जाते.

समजा, पदार्थविज्ञानाच्या एका जागेसाठी सात उमेदवार निवडले आहेत. प्रत्येकाला वीस मिनिटे धरली तर मुलाखतींनाच दोन तास वीस मिनिटे लागतात. पत्रात ‘सोमवार, १६ जून २०२५, सकाळी ११ वाजता’ एवढेच असेल तर सातही जण अकराला पोहोचतात आणि कागदपत्रांच्या तपासणीतच तासभर जातो. त्याऐवजी हजर राहण्याची वेळ आणि मुलाखतीची वेळ वेगवेगळी द्यावी: ‘कागदपत्र पडताळणीसाठी सकाळी ९.३० वाजता कार्यालयात उपस्थित राहावे. मुलाखती ११ वाजता सुरू होतील.’ तारखेसोबत वार लिहिला की टंकलेखनातली चूक लगेच पकडता येते. वार आणि तारीख जुळत नसेल तर उमेदवार फोन करून विचारतो.

मुलाखत प्रत्यक्ष की दूरदृश्य प्रणालीने, हे स्पष्ट लिहावे. प्रत्यक्ष असेल तर इमारत, मजला आणि खोली सांगावी, कारण मोठ्या संस्थेच्या आवारात दोन-तीन महाविद्यालये असतात. प्रवासखर्च मिळणार की नाही हेही याच ठिकाणी सांगावे. मुलाखत दूरदृश्य प्रणालीने असेल तर आदल्या दिवशी जोडणी तपासण्याची वेळ द्यावी, ओळखपत्र हाताशी ठेवायला सांगावे आणि मध्येच संपर्क तुटला तर कोणत्या क्रमांकावर फोन करायचा तेही लिहावे. मूळ कागदपत्रे पडद्यावर नीट तपासता येत नाहीत. म्हणून निवड झाल्यास ती प्रत्यक्ष दाखवावी लागतील, अशी अट आधीच घालावी.

सर्वांत जास्त अडचणी येतात त्या कागदपत्रांच्या. ‘सर्व मूळ प्रमाणपत्रे आणावीत’ हे वाक्य कामाचे नाही. पदव्युत्तर पदवीच्या गुणपत्रिका, नेट किंवा सेटचे प्रमाणपत्र, अनुभवाचा दाखला, सध्या नोकरीत असल्यास ना हरकत प्रमाणपत्र, आरक्षित जागा असल्यास जात प्रमाणपत्र, जात वैधता प्रमाणपत्र आणि लागू असेल तिथे नॉन-क्रीमी लेयर प्रमाणपत्र अशी नावे घेऊनच यादी द्यावी. मूळ प्रती दाखवायच्या आहेत आणि स्वसाक्षांकित छायाप्रतींचा एक संच जमा करायचा आहे, हा फरकही लिहावा.

काही कागद चटकन मिळत नाहीत. लग्नानंतर नाव बदललेल्या उमेदवाराच्या गुणपत्रिकेवर एक नाव आणि आधार कार्डावर दुसरे नाव असते. तिथे विवाह प्रमाणपत्र किंवा नावबदलाचे राजपत्र लागते. ना हरकत प्रमाणपत्र सध्याच्या संस्थेकडून यायचे असल्याने त्याला वेळ लागतो. म्हणून पत्र पंधरा दिवस आधी हाती पडावे. एखादा कागद वेळेत न मिळाल्यास अर्ज केल्याची पोच चालेल की नाही, हे ठरवून तसे लिहिणे न्याय्य असते. नाहीतर एकाला सूट मिळते आणि दुसऱ्याला परत पाठवले जाते.

तारीख बदलून मागण्याचा नियम पत्रातच असावा. सात जणांची समिती पुन्हा जमवणे जवळजवळ अशक्य असल्याने तारीख सहसा बदलत नाही, पण त्याच दिवशीची वेळ मागेपुढे करता येते. ‘अपरिहार्य कारणाने दिलेल्या वेळी येणे शक्य नसल्यास पत्र मिळाल्यापासून तीन दिवसांत पुराव्यासह ईमेलने कळवावे. लेखी उत्तर येईपर्यंत मूळ वेळच कायम समजावी,’ एवढी दोन वाक्ये पुरतात. समजा, त्याच दिवशी सकाळी एखाद्या उमेदवाराची दुसरीकडे परीक्षा आहे आणि त्याने प्रवेशपत्र जोडून वेळ मागितली. त्याला शेवटचा क्रमांक देता येतो, फक्त ज्यांचे क्रमांक त्यामुळे सरकतील त्यांनाही कळवावे लागते. मुदत उलटून गेल्यावर आजारपण किंवा घरातला मृत्यू असे कारण आले तर निर्णय समितीच्या अध्यक्षांनी घ्यावा आणि तो लेखी नोंदवावा. कार्यालयातल्या लिपिकाने फोनवर ‘चालेल’ म्हणणे इथे धोक्याचे असते, कारण पुढे तक्रार झाली तर त्या शब्दाचा कोणताच पुरावा राहत नाही.

पत्र ईमेलने आणि स्पीड पोस्टने, अशा दोन्ही मार्गांनी पाठवावे. जावक क्रमांक, पाठवल्याची तारीख आणि टपालाची पावती निवड प्रक्रियेच्या फाइलला लावावी. ज्यांच्याकडून पोच येत नाही त्यांना चार-पाच दिवस आधी फोन करून पत्र मिळाल्याची खात्री करावी आणि त्या फोनची वेळही नोंदवहीत लिहावी.